शौचात जंत दिसला नाही म्हणजे गोळी वाया गेली का?

डिचोलीच्या बाजारात माझी फार्मसी आहे. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एक वहिनी आल्या, सोबत सहा वर्षांचा मुलगा. हातात औषधाची रिकामी बाटली आणि आवाजात विजयाचा सूर. म्हणाल्या, "भाऊ, हे औषध खरं. काल रात्री दिलं, आज सकाळी दोन जंत पडले, वळवळत होते. नाहीतर शाळेतली ती गोळी! फेब्रुवारीत चघळायला दिली, पण काही म्हणता काही पडलं नाही. नुसती खडूची वडी."

त्यांचं म्हणणं वरवर पटण्यासारखं आहे, आणि काउंटरवर मी ते वर्षानुवर्षं ऐकतो आहे. जंत पडताना दिसला तर औषध लागू पडलं, दिसला नाही तर औषध बोगस. खरं तर शौचात काय दिसतं यावरून औषध चांगलं की वाईट हे कळत नाही. औषधाने जंताला कसं मारलं, एवढंच कळतं. बाटलीतलं औषध जंताला लुळा करून बाहेर घालवणारं होतं, शाळेतली गोळी त्याला उपाशी मारणारी. दोन्ही मरणं वेगळी, म्हणून दिसणंही वेगळं.

या मुलाच्या पोटात होते ते साधे जंत, म्हणजे गोलकृमी. कॉलेजात असताना प्रयोगशाळेत फॉर्मॅलिनच्या बरणीत ठेवलेले असायचे: पेन्सिलीएवढे जाड, फिकट गुलाबी, दोन्ही टोकांना निमुळते. मादी वाढली की फूटभर लांब होते आणि दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. हा प्राणी आपल्या लहान आतड्यात राहतो, पण कशालाही धरून राहत नाही. ना दात रुतवतो, ना चूषक लावतो. आतडं तर सतत आकुंचन पावत आतला ऐवज खाली ढकलत असतं. मग हा वाहून कसा जात नाही? वाळवंटी नदीच्या पाण्यात मासा प्रवाहाकडे तोंड करून, शेपटी हलवत एका जागी थांबलेला दिसतो ना, तसा. जंत जन्मभर उलटं पोहतो. थांबला की संपला.

हीच त्याची दुखरी नस. त्याला मारायची गरजच नाही, पोहणं तेवढं थांबवायचं. बाकीचं काम आतडं करतं.

वहिनींच्या बाटलीत होतं पायरँटेल. जंताच्या स्नायूंना नसांकडून दोन प्रकारचे निरोप जातात: एक 'आवळ' असं सांगणारा, दुसरा 'सैल सोड' असं सांगणारा. आवळायचा निरोप ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन नेतं, सैल सोडायचा गाबा नावाचं. शरीराची एक बाजू आवळायची, दुसरी सैल, मग उलट. त्यातून ती नागमोडी हालचाल होते. पायरँटेल 'आवळ'च्या कळीवर बोट ठेवतं आणि उचलतच नाही. स्नायू आखडतात ते आखडलेलेच राहतात. जंत ताठ होतो, पोहणं थांबतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत तो शौचावाटे बाहेर पडतो. तो मेलेला असतोच असं नाही. अख्खा असतो, कधीकधी हलतही असतो. वहिनींनी पाहिली ती वळवळ औषधाच्या ताकदीची नव्हती. जंत अजून जिवंत आहे, एवढाच त्याचा अर्थ.

याच्या उलट वाटेने जाणारं एक जुनं औषध आहे, पिपराझिन. माझ्या लहानपणी जंताचं औषध म्हटलं की तेच. ते 'सैल सोड'ची कळ दाबतं. जंत ओल्या सुतळीसारखा ढिला पडतो आणि तसाच वाहून जातो. शेवट एकच, म्हणजे जंत बाहेर. मात्र ही दोन औषधं एकत्र दिली तर एक आवळतं, दुसरं सोडतं, आणि दोघांचा परिणाम एकमेकांना खाऊन टाकतो. दुप्पट औषध म्हणजे दुप्पट जोर, हा हिशोब इथे चालत नाही. पिपराझिन आता मागे पडलं आहे. ते रक्तात बऱ्यापैकी शोषलं जातं आणि फिट येणाऱ्या किंवा मूत्रपिंड अधू असलेल्या माणसाला त्याचा त्रास होऊ शकतो. पायरँटेल बहुतांशी आतड्यातच राहतं आणि शौचावाटे निघून जातं. जंताच्या स्नायूंवर जोर धरणारं हे औषध मुलाच्या स्नायूंपर्यंत पुरेसं पोचतच नाही, म्हणून ते निर्धोक.

आजीच्या काळी किरमाणी ओवा देऊन वर एरंडेल पाजायचे, त्यामागेही हीच समज होती. किरमाणी ओव्यातल्या सँटोनिनने जंत हतबल होतो, पण जुलाब दिला नाही तर सावध होऊन पुन्हा जागा धरील, ही भीती. सँटोनिन विषारी होतं, जास्त झालं तर माणसाला सगळं पिवळं दिसायला लागायचं. ते गेलं ते बरंच झालं. एरंडेलाची सवय मात्र काही घरांत उरली आहे. पायरँटेलनंतर जुलाबाची गरज नसते.

मात्रेबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण चूक होते ती इथेच. पायरँटेलची मात्रा वजनाच्या दर किलोमागे ११ मिलिग्रॅम, एकदाच, आणि वजन कितीही असलं तरी एकूण १ ग्रॅमच्या वर नाही. वहिनींचा मुलगा १८ किलोचा. म्हणजे १८ गुणिले ११, १९८ मिलिग्रॅम. बाटलीवर लिहिलेलं असतं, ५ मिलीमध्ये २५० मिलिग्रॅम पायरँटेल, म्हणजे १ मिलीत ५०. म्हणून त्याला साधारण ४ मिली. त्यांनी झाकणाने मोजून तेवढंच दिलं होतं, डॉक्टरांनी चिठ्ठीवर तसं लिहिलं होतं म्हणून. पण काही बाटल्यांवर क्षाराचं, म्हणजे पायरँटेल पामोएटचं वजन छापलेलं असतं. त्या वजनात खरं औषध जेमतेम एक तृतीयांश. कुणी क्षाराचा आकडा धरून हिशोब केला तर मुलाला तिसरा हिस्साच औषध मिळतं. अर्धवट आखडलेला जंत सावध होतो आणि पुन्हा पोहायला लागतो. त्या घरात मग 'औषधाला आता दाद देत नाहीत' असं म्हणतात. चूक जंताची नाही, वाचण्याची.

आता शाळेतल्या गोळीकडे. १० फेब्रुवारीच्या राष्ट्रीय जंतनाशक दिनाला मुलांना चघळायला देतात ती अल्बेंडाझोल, ४०० मिलिग्रॅमची. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी, कुस्करून. हा कार्यक्रम देशात २०१५ पासून चालतो.

अल्बेंडाझोल जंताच्या स्नायूंना हातही लावत नाही. प्रत्येक पेशीच्या आत बारीक नळ्यांचं जाळं असतं, रेल्वेच्या रुळांसारखं. त्या रुळांवरून पेशी आपला माल इकडून तिकडे नेते. हे रूळ ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या विटांनी बनतात आणि सतत एका टोकाला बांधले, दुसऱ्या टोकाला मोडले जात असतात. अल्बेंडाझोल जंताच्या विटेला चिकटतं. चिकटलेली वीट रुळात बसत नाही. मोडणं चालू राहतं, बांधणं थांबतं, आणि काही तासांत जंताच्या आतड्याच्या पेशींतले रूळ नाहीसे होतात. माणसाच्या पेशींतही ट्युब्युलिन आहे, पण आपल्या विटेची घडण थोडी वेगळी, तिला हे औषध फार सैल चिकटतं.

रूळ गेले की जंताला साखर आत घेता येत नाही. पण तो लगेच मरत नाही, कारण त्याच्याकडे साठा असतो. आपल्याकडे पावसाळ्याआधी पुरुमेंत भरून ठेवतात: सुकी मासळी, मिरच्या, चिंच, सोलं. बाजार बंद पडला, रस्ता वाहून गेला, तरी घर महिनाभर चालतं. जंताचं पुरुमेंत म्हणजे ग्लायकोजन, त्याच्या अंगात ते भरपूर असतं. साखर आत येणं बंद झाल्यावर तो त्यावर दिवस काढतो. ते संपलं की मग हालचाल मंदावते, जागा सुटते आणि जंत मरतो. त्याला काही दिवस लागतात. आणि मेलेला जंत म्हणजे आतड्याच्या दृष्टीने मांसाचा तुकडाच. कधी तो बाहेर पडेपर्यंत विरघळून जातो, कधी पाचव्या-सहाव्या दिवशी शाळेच्या संडासात निघून जातो आणि कुणी पाहत नाही. वहिनींनी पहिल्या दोन दिवशी पाहिलं असणार, पुढे कोण पाहतं!

त्यांनी लगेच पुढचा प्रश्न टाकला, आणि तो खरंच चांगला होता. "मग एप्रिलमध्ये दोन जंत आले कुठून?"

मी कॅलेंडर उघडून त्यांना दाखवलं. गोलकृमीचं अंडं मुलाने तोंडात घेतलं की ते आतड्यात फुटतं, पण आतली अळी तिथे थांबत नाही. ती आतड्याच्या भिंतीतून रक्तात शिरते, यकृतातून फुप्फुसात जाते, तिथे दीड-दोन आठवडे काढते, मग घशात चढून गिळली जाते आणि पुन्हा आतड्यात येते. तिथे तिचा मोठा जंत होतो. अंडं गिळल्यापासून मादी स्वतः अंडी घालू लागेपर्यंत दोन ते तीन महिने जातात. मुलाची शौच तपासणी झाली २५ एप्रिलला, आणि तिच्यात अंडी सापडली. तिथून अडीच-तीन महिने मागे गेलं तर आपण पोचतो जानेवारीच्या अखेरीला किंवा फेब्रुवारीच्या आरंभाला. म्हणजे १० तारखेला शाळेत गोळी चघळली तेव्हा हे दोघे बहुधा फुप्फुसात होते. एका मात्रेची गोळी आतड्यातल्या जंतांसाठी असते, फुप्फुसातल्या अळ्यांना ती भरवशाने मारत नाही. तिने आतड्यातले तेव्हाचे जंत संपवले असतील, मागून आलेले वाचले. किंवा मुलाने गोळीनंतर चार दिवसांनी मातीचे हात तोंडात घातले असतील. दोन्ही शक्यतांत गोळीचा दोष नाही. दर सहा महिन्यांनी ती पुन्हा देतात ते यासाठीच.

गोळी लागू पडली का, हे पाहायचंच असेल तर रस्ता एक: दोन-तीन आठवड्यांनी शौच तपासून अंडी आहेत का ते पाहणं. संडासात वाकून पाहणं नव्हे. आणि रात्री दात खाणं, नाक खाजवणं ही लक्षणं जंतांची मानून औषध मागायला येणारे आई-वडील पुष्कळ असतात. त्यातली बरीच मुलं जंतमुक्त असतात.

लुळं करण्याच्या वाटेला एक मोठा अपवाद आहे. लहान मुलाच्या पोटात जंतांचा गोळा झाला, पोट फुगलं, हिरवी उलटी होते आहे, शौच-वारा बंद, अशा वेळी घरी पायरँटेल पाजायचं नाही. वाट आधीच तुंबलेली असताना सगळे जंत एकदम ताठ किंवा ढिले झाले तर तो गोळा पुढे सरकण्याऐवजी घट्ट बसू शकतो. अशा मुलाला आधी रुग्णालयात न्यायचं. तिथे तोंडाने देणं थांबवून सलाईन लावतात, वाट मोकळी होईपर्यंत थांबतात आणि जंताचं औषध नंतर.

डिचोली-सत्तरीकडे आणखी एक जंत महत्त्वाचा, तो म्हणजे अंकुशकृमी. कुळागरात सुपारीच्या सावलीतली ओली, मऊ जमीन त्याच्या अळीला फार मानवते. ती मुख्यतः तोंडावाटे नव्हे, अनवाणी पायाच्या कातडीतून घुसते. हा जंत सेंटिमीटरभराचा, पण पोहत बसत नाही. तोंडातल्या दातांनी किंवा पात्यांनी आतड्याच्या अस्तराचा तुकडा धरून ठेवतो आणि रक्त पितो. म्हणून नुसता लुळा करणारा उपाय त्याच्यावर तितका हमखास चालत नाही. पायरँटेल दिलंच तर एका मात्रेऐवजी तीन दिवस द्यावं लागतं. अल्बेंडाझोल इथे जास्त उपयोगी. गोलकृमीवर एका गोळीने शंभरातल्या पंचाण्णवांच्या आसपास लोक बरे होतात, अंकुशकृमीवर ऐंशीच्या आसपास.

पण अंकुशकृमी गेला म्हणजे रोगी बरा झाला असं नाही. याची एक जास्त पिणारी जात आहे, तिचा एक जंत दिवसाला सुमारे ०.२ मिली रक्त घेतो. पन्नास जंत असले तर १० मिली. निरोगी माणसाच्या एवढ्या रक्तात ५ मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं. त्यातलं थोडं आतड्यात परत शोषलं जातं, पण शरीर जेवणातून दिवसाला लोह घेतं तेच मुळी १-२ मिलिग्रॅम. जमा एक, खर्च तीन, असा संसार वर्षभर चालला की बाई कुळागराची चढण चढताना तीनदा बसते. गोळीने खर्च थांबतो, कर्ज फिटत नाही. लोहाच्या गोळ्या तीन-चार महिने घ्याव्या लागतात. जंताची गोळी घेऊनही थकवा जात नाही म्हणून दुसरी, तिसरी गोळी मागायला येणाऱ्यांना मी आधी हिमोग्लोबिन तपासून यायला सांगतो.

पट्टकृमीची गोष्ट अजून वेगळी. फितीसारखा चपटा, कित्येक मीटर लांब, डोक्याला चूषक, आणि त्याला तोंड नाही, आतडं नाही. आपण पचवलेलं अन्न तो अंगाच्या कातडीतून शोषतो. आखडवणारी वा ढिली करणारी वरची दोन्ही औषधं याच्यावर चालत नाहीत, पायरँटेल तर अजिबात नाही. याला दोन औषधं.

पहिलं निक्लोसामाइड. हे अन्न आत जाण्याच्या वाटेवर नव्हे, अन्नातून शक्ती काढण्याच्या यंत्रणेवर घाव घालतं. कृमीला साखर मिळते, तो ती जाळतोही, पण तिच्यातून मिळणारी शक्ती साठवण्याऐवजी उष्णता होऊन उडून जाते. आपण म्हणतो ना, खातो पण अंगी लागत नाही, तसं. भरल्या ताटावर उपासमार. दुसरं प्राझिक्वांटेल. ते कृमीच्या पेशींत कॅल्शियमचा लोंढा सोडतं. स्नायू एका झटक्यात आखडतात आणि कातडीवर फोड येऊन ती फाटते. ती कातडी म्हणजेच त्याचं जेवणाचं तोंड आणि त्याची ढाल. ती गेली की आतड्यातले पाचकरस त्याला पचवून टाकतात. म्हणून या औषधांनंतरही बाहेर अख्खी फीत दिसत नाही, डोकं तर सापडतच नाही. आतडं साफ झालं का हे कळायला तीन महिने थांबून शौच पुन्हा तपासावी लागते, कारण डोकं उरलं असेल तर तेवढ्या काळात त्याला नवी फीत फुटते.

दोन्हींत निवड करताना डॉक्टर एक प्रश्न विचारतात, जो रोग्याला विचित्र वाटतो: "कधी फिट आली होती का?" डुकराच्या पट्टकृमीची अंडी माणसाच्या पोटात गेली तर अळ्या मेंदूत जाऊन गाठी धरतात. प्राझिक्वांटेल रक्तात शोषलं जातं, मेंदूत पोचतं, आणि तिथली लपलेली गाठ मरताना सूज येऊन फिट येऊ शकते. निक्लोसामाइड आतड्याबाहेर फारसं जात नाही, म्हणून अशा शंकेत ते बरं.

"आम्ही डुक्कर खात नाही, आम्हाला याचं काय?" हेही मी ऐकलं आहे. आतड्यातला पट्टकृमी येतो अर्धकच्च्या मांसातून, हे खरं. मेंदूतली गाठ येते अंड्यांमधून, आणि अंडी असतात पट्टकृमी झालेल्या माणसाच्या शौचात. ती हातावरून, पाण्यातून, कोथिंबिरीच्या जुडीतून कुणाच्याही ताटात येतात. गोव्यात घरामागे डुकरांचे संडास होते तो काळ फार जुना नाही. माणसाकडून डुकराकडे, डुकराकडून माणसाकडे असा फेरा तिथे एका कुंपणात पुरा व्हायचा. ते संडास गेल्याने जे साधलं ते कुठल्या गोळीने साधलं नसतं, असं माझं मत.

मेंदूतल्या गाठीवर अल्बेंडाझोलच देतात, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रोज, कित्येक दिवस आणि सूज आवरायला स्टेरॉइडसोबत. इथे एक गंमत आहे. आतड्यातल्या जंतासाठी हे औषध रक्तात कमी शोषलं गेलं तरी बिघडत नाही, उलट जिथे जंत तिथेच ते राहतं. मेंदूसाठी मात्र रक्तात जायलाच हवं. म्हणून तेव्हा ते तुपातल्या, तेलकट जेवणासोबत घ्यायला सांगतात. रक्तातलं प्रमाण उपाशीपोटी घेतल्यापेक्षा पाचपटीपर्यंत वाढतं. औषध तेच, फक्त पोटातला जंत आणि डोक्यातला जंत यांच्यासाठी जेवणाचा सल्ला उलटा. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत मात्र अल्बेंडाझोल टाळतात, तेवढं विचारूनच मी गोळी देतो.

राहिला हत्तीरोग. इथे लुळं करणं आणि उपाशी मारणं ही सोपी विभागणी मोडते, आणि मला ते फार आवडतं. हत्तीरोगाचे मोठे जंत आतड्यात नसतात, लसिकावाहिन्यांत राहतात. त्यांची सूक्ष्म पिल्लं रात्री रक्तात फिरतात, कारण त्यांना पसरवणारा डास रात्री चावतो. म्हणून आरोग्य खात्याची माणसं रात्री रक्ताचा थेंब घ्यायला दारात येतात. लोक वैतागतात, पण दुपारी घेतलेल्या थेंबात पिल्लं सापडणार नाहीत.

त्यावरचं मुख्य औषध डीईसी, वापरात १९४०च्या दशकाअखेरीपासून. काचेच्या बशीत पिल्लांवर ते टाका, नेहमीच्या प्रमाणात त्यांचं फारसं काही बिघडत नाही. माणसाला द्या, रक्तातली पिल्लं काही तासांत गायब. याचा अर्थ औषध एकटं काम करत नाही. ते आपल्या रक्तवाहिन्यांतली आणि पांढऱ्या पेशींतली काही रसायनं बदलतं, पिल्लांना उघडं पाडतं, आणि मग यकृतातल्या भक्षक पेशी त्यांना गिळतात. अलीकडे प्रयोगशाळेत असंही दिसलं आहे की ते जंताच्या स्नायूंना थोड्या वेळासाठी लुळं करतं. बहुधा तेवढा वेळ पकडायला पुरतो. पिल्लं एकदम मरतात तेव्हा ताप, डोकेदुखी, अंगदुखी होते. ज्याला ताप आला त्याच्या रक्तात बहुधा पिल्लं होती. आमच्या ओळखीचे एक काका डीईसीने ताप आला म्हणून पुढच्या वर्षी ते घ्यायला तयार नव्हते, खरं तर ज्याने घ्यायलाच हवं असे तेच होते.

ज्या जिल्ह्यांत रोग हटत नाही तिथे २०१८ पासून सरकार डीईसी आणि अल्बेंडाझोल यांच्या जोडीला आयव्हरमेक्टिन देतं. आयव्हरमेक्टिन जंताच्या स्नायूंमधला क्लोराइडचा असा दरवाजा उघडून ठेवतं की निरोप पोचले तरी स्नायू हलत नाहीत. घशाचे स्नायूही लुळे पडतात, म्हणून तो खाऊही शकत नाही. हा दरवाजा माणसात नाही. जपानच्या मातीतल्या एका जिवाणूपासून हे औषध निघालं आणि त्याबद्दल सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५चं नोबेल मिळालं. तरी हत्तीरोगाचा मोठा जंत एकट्या आयव्हरमेक्टिनने मरत नाही, पिल्लंच आवरतात. तिघांचं मिश्रण लागतं ते त्यासाठी.

काकांचा पाय घोट्यापासून सुजलेला आहे. त्यांनी विचारलं, "हे औषध घेतलं तर पाय उतरेल का?" नाही. औषध जंत मारतं, बिघडलेली लसिकावाहिनी दुरुस्त करत नाही. पायाला पुन्हा पुन्हा ताप आणि लाली येते ती बोटांच्या बेचक्यातल्या चिरांमधून शिरलेल्या जंतूंमुळे. त्यामुळे मी त्यांना गोळ्यांसोबत साधा साबण आणि मऊ पंचा दिला. रोज रात्री पाय साबण लावून साध्या पाण्याने धुवायचा, प्रत्येक बेचकं वेगळं टिपून कोरडं करायचं, चीर दिसली तर बुरशीचं मलम लावायचं आणि पाय उशीवर ठेवून झोपायचं.